रायगड एक, चाली दोन

रायगडाला चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि रोपवेही आहे. गटात कुणाला चढायचं असतं, तर कुणाचे गुडघे दुखतात. निघण्यापूर्वीच प्रत्येकाने एक हट्टाची जागा आणि खर्चाची मर्यादा सांगावी. जेवण आणि गाडी सामायिक वर्गणीतून, रोपवेचं तिकीट मात्र ज्याचं त्याने काढावं. चढणाऱ्यांनी दीड-दोन तास आधी निघावं; सगळ्यांनी होळीच्या माळावर भेटावं. तिथून जगदीश्वराचं मंदिर एकत्र पाहावं. टकमक टोकाला हवं त्यानेच जावं. कुणी गप्प झालं, सारखं मागे राहू लागलं, तर थांबून बेत बदला. उतरायची वेळ सर्वांत हळू चालणाऱ्याला विचारूनच ठरवा.