वझीर, तालीम आणि मधला झेर

उर्दू वर्तमानपत्रात शोभेल असं एक वाक्य नमुन्यादाखल घेऊ: 'वझीर-ए-तालीम ने कहा कि उस इलाके के तलबा को किताबें मुफ्त दी जाएंगी.' म्हणजे त्या भागातल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं मोफत मिळतील, असं शिक्षणमंत्री म्हणाले. बातमी इतकी सरळ आहे. पण हा मजकूर एका जुन्या फाइलमधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आणि तिथून कुणाच्या मोबाइलवर गेला, की त्याची अवस्था पाहवत नाही. अक्षरं सुटी होतात, वझीर आणि तालीम यांना जोडणारं चिन्ह गळतं आणि उच्चार दाखवणाऱ्या खुणा कुठे उरतात, कुठे उरत नाहीत. वरवर पाहता सगळीच मोडतोड वाटते. खरं तर यातली एकच गोष्ट निखळ चूक आहे.

ती म्हणजे जोडणी तुटणं. उर्दू उजवीकडून डावीकडे, अक्षराला अक्षर जोडत लिहितात. त्यामुळे एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटं असताना वेगवेगळं दिसतं. 'तालीम' या शब्दात ते, ऐन, लाम, ये आणि मीम अशी पाच अक्षरं आहेत आणि पाचही एका धाग्यात येतात. ती पाच तुकड्यांत दिसली तर मजकूर मोडलाय हे नक्की. पण 'वझीर' बघा. वाव आणि झे ही अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत, ती फक्त मागच्याला जोडली जातात. म्हणून अगदी शुद्ध लिहिलेला 'वझीर'सुद्धा वाव, झे आणि 'ये-रे'ची जोडी अशा तीन तुकड्यांतच असतो. अलिफ, दाल, रे हीसुद्धा याच वळणाची. गंमत म्हणजे 'उर्दू' या शब्दातली अलिफ, रे, दाल, वाव ही चारही अक्षरं अशीच निघाली. त्यामुळे हा शब्द मोडला काय अन् न मोडला काय, अक्षरं सुटी ती सुटीच.

हे तुटणं येतं कुठून? संगणक अक्षराचं रूप साठवत नाही, नुसतं अक्षर साठवतो. शेजारी कोण आहे हे पाहून योग्य रूप निवडण्याचं काम दाखवणारा प्रोग्रॅम करतो. ज्या प्रोग्रॅमला हे येत नाही तो प्रत्येक अक्षर एकटंच मांडतो, आणि पुष्कळदा उलट्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. बॅनर किंवा व्हिडिओवरच्या मथळ्यांत हे हमखास दिसतं. दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. अरबी काफचा संकेत U+0643 आणि उर्दू काफचा U+06A9. अरबी कळफलकावर टाइप केलं की पहिला येतो. उर्दू फाँटमध्ये ते अक्षर नसेल तर संगणक तेवढ्यापुरता दुसरा फाँट उसना घेतो, आणि 'किताबें'तला काफ पुढच्या तेपासून तुटतो. इथे संकेत बदलला की काम भागतं.

जुन्या मजकुराचं दुखणं आणखी खोल आहे. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, त्यामुळे ती खिळ्यांत बसवणं अवघड होतं आणि वर्तमानपत्रं दीर्घकाळ कातिबांच्या हातानेच लिहिली गेली. 1981मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं 'नूरी नस्तालीक' आलं. त्यात जोडलेल्या अक्षरांचे हजारो तयार समूह होते. पुढे 1994मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचं 'इनपेज' आलं आणि उर्दू छपाईत घरोघर पोहोचलं. पण त्याची संकेतपद्धत स्वतःची होती. त्या फाइली आजच्या युनिकोडमध्ये आणताना रूपांतर कच्चं असलं की जोडण्या आणि खुणा दोन्ही हलतात.

आता वझीर आणि तालीम यांच्यामधला 'ए'. याला इजाफत म्हणतात. 'चा, ची, चे'चं काम करणारी ही फारसीतून आलेली रीत. लिहिताना पहिल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराखाली झेर नावाची छोटी तिरकी रेघ देतात. शब्द अलिफने संपत असेल तर झेरऐवजी हम्झा आणि मोठी ये येते, 'सदा-ए-दिल'मध्ये येते तशी. वर्तमानपत्रं झेर सर्रास गाळतात आणि वाचकाचं काही अडत नाही, कारण वझीर आणि तालीम शेजारी दिसले की तो आपसूक 'ए' भरतो. म्हणून बातमीत झेर नाही याला मी चूक म्हणणार नाही. झेरच्या जागी पूर्ण मोठी ये लिहून 'वझीरे' करणं ही मात्र चूक आहे, आणि शब्दानंतर जागा सोडून मग झेर टाइप करणं हीसुद्धा. तसा झेर अक्षराखाली न बसता रिकाम्या जागेखाली लोंबकळतो.

रिवाज कुठे अडतो ते 'वझीर तालीम पर बात करेंगे' या वाक्यात दिसतं. झेर नसेल तर मंत्री शिक्षणावर बोलणार आहेत. झेर असेल तर कुणी तरी शिक्षणमंत्र्यांविषयी बोलणार आहे. दोन्ही वाक्यांत अक्षरं तीच. झेर गाळायची सवय असलेल्या पानावर यातलं कोणतं खरं, हे मागचं-पुढचं वाचूनच कळतं. मग सगळीकडे झेर भरून टाकावा का? तेही नाही. 'उम्रकैद' किंवा आपल्याकडचा 'शहर काझी' यांत दोन नामं शेजारी आहेत, पण इजाफत नाही. तिथे झेर घातला तर शब्दच बिघडतो.

खरी फसवणूक असते ती अर्धवट खुणांत. झबर, झेर, पेश या खुणा ऱ्हस्व स्वर दाखवतात आणि एरवी कुणी त्या देत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, तरी सरावलेला माणूस वाचतो, तसंच हे. मीम, लाम, काफ एवढंच लिहिलेलं असलं, तर तो 'मुल्क' म्हणजे देश असू शकतो किंवा 'मलिक' हे आडनाव. अलिफ आणि सीन मिळून 'इस'ही होतो, 'उस'ही. आपल्या नमुन्यात 'उस इलाके' आहे. समजा, बातमीच्या पहिल्या ओळीत अलिफवर पेश दिला, म्हणजे 'उस' नक्की झाला. पुढे दोन ठिकाणी तो द्यायचा राहिला. आता वाचक म्हणणार, ज्याने एकदा पेश दिला त्याने इथे मुद्दाम दिला नाही, तेव्हा हा 'इस' असणार. त्या भागाला मिळणारी पुस्तकं वाचणाऱ्याच्या मनात या भागात येऊन पडतात. एकही खूण नसती तर त्याने संदर्भ शोधला असता. म्हणून माझं मत असं, की बातमीत खुणा द्यायच्या तर जिथे दोन वाचनं संभवतात तिथे प्रत्येक वेळी द्याव्यात, नाही तर अजिबात देऊ नयेत. अपवाद विशेषनामांचा. 'मिरज' नुसत्या मीम, रे, जीमने लिहिलं तर गाव ठाऊक नसलेला माणूस मरजही वाचेल आणि मुरजही.

दुरुस्ती करणाऱ्याने क्रम पाळावा. आधी संकेत तपासावेत. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात पुष्कळदा अक्षराऐवजी त्याचं ठरावीक रूपच साठवलेलं असतं. ते दिसतं बरोबर, पण शोधून सापडत नाही. NFKC नावाची प्रक्रिया त्याला मूळ अक्षरावर आणते. 'कहा'तल्या ह-ची गोष्ट मात्र यंत्रावर सोडता येत नाही. तिथे साध्या हेऐवजी दोन डोळ्यांची हे पडली, तर मंत्री 'म्हणाले'चं 'खा' होतं, आणि 'खा' हासुद्धा धड उर्दू शब्दच असल्याने शुद्धलेखन तपासणीत तो सुटून जातो.

महाराष्ट्रात उर्दू फलक, पत्रिका आणि सूचना छापणाऱ्या अनेकांना स्वतःला उर्दू वाचता येत नाही. त्यांनी छपाईआधी 'तालीम'सारखा एकसंध असायला हवा असा शब्द शोधून पाहावा. 'उर्दू' हा शब्द ठीक दिसतोय म्हणून मजकूर ठीक आहे असं समजू नये. आणि इजाफत अन् खुणांसाठी उर्दू वाचणाऱ्या माणसाला कागद दाखवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.