फुकटचा तेरावा डबा

तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान, तीन भावांचं. थोरले आप्पा खरेदी बघतात, मधले अण्णा गल्ल्यावर बसतात, धाकटे काका उधारी आणि गोदाम सांभाळतात. अण्णांची मुलगी बी.कॉम. करून दुकानात येऊ लागली आणि तिने दुकान 'मॉडर्न' करायचं म्हटलं. हे घर मी अशा अनेक घरांवरून उभं केलं आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून गोल केले आहेत. पण बैठकीत निघणारे मुद्दे मात्र गावोगावी हेच असतात.

पहिल्यांदा तिने काचेचा दरवाजा, नवे रॅक आणि कॉम्प्युटरचं बिल अशी सगळी योजना एकदम मांडली. आप्पांनी एकच विचारलं, "याने विक्री किती वाढेल?" तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते कुणाकडेच नसतं. नव्या काचेमुळे गिऱ्हाईक किती वाढेल हे आधी सांगता येत नाही. दुकानात आज पैसा कुठे अडकून पडला आहे, हे मात्र मोजून दाखवता येतं. दुसऱ्या खेपेला ती मोजून आली.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुकानातल्या पोराला सोबत घेऊन तिने माल मोजायला घेतला. वहीत वस्तूचं नाव, नग, खरेदीचा भाव आणि पाकिटावरची तारीख एवढंच लिहायचं. माल निघाला नऊ लाखांचा. दुकानाची महिन्याची विक्री सहा लाखांची. सरासरी नफा बारा टक्के धरला तर महिन्याला सव्वापाच लाखांचा माल खपतो. म्हणजे दुकानात पन्नास दिवस पुरेल इतका माल होता. तेल, साखर, तूरडाळ आठवड्या-दोन आठवड्यांत फिरत होती. मग हे पन्नास दिवस भरत होते कशाने? मागच्या रांगेतल्या शाम्पू, केसांचं तेल, पौष्टिक पावडरीच्या डब्यांनी. त्यातला एक लाख चाळीस हजारांचा माल तीन महिन्यांत जागचा हललेला नव्हता.

अण्णा म्हणाले, "मला सगळं पाठ आहे." ते खोटं नव्हतं. कुठल्या वस्तूचा काय भाव, कुठलं गिऱ्हाईक कुठली चहापत्ती नेतं, हे त्यांना वहीशिवाय सांगता येतं. पण दुकानदाराची आठवण हाताबरोबर चालते. जो माल रोज उचलला जातो तो लक्षात राहतो. ज्याला कुणी हात लावत नाही तो आठवणीतूनही सरकत जातो. एवढ्यासाठीच यादी लागते.

मग तिने आप्पांसमोर एका डब्याचा हिशेब ठेवला. एजन्सीचा सेल्समन येतो आणि 'बारावर एक फुकट' अशी स्कीम देतो. डबा शंभराला पडतो, एकशे दहाला विकतो. बाराशे रुपयांत तेरा डबे आले. तेराही विकले तर दोनशे तीस रुपये सुटतात, म्हणून आप्पा स्कीम सोडत नाहीत. पण बाराच विकले गेले आणि एकाची तारीख उलटली, तर एकशे वीस मिळतात. स्कीम न घेता बारा आणले असते तरी तेवढेच मिळाले असते. दोन उरले तर अकरा डब्यांचे बाराशे दहा रुपये येतात, म्हणजे नफा दहा रुपये. मोजून अकराच आणले असते तर एकशे दहा सुटले असते. फुकटच्या तेराव्या डब्याचा फायदा फक्त त्या दुकानात, जिथे तेरा डबे मुदतीत खपतात. आणि ते खपतात का, हे मागच्या महिन्यांची विक्री लिहिलेली असेल तरच कळतं. आप्पांनी तो कागद दोनदा वाचला.

यानंतर ती कॉम्प्युटरवर आली. मागणी लहान होती: फक्त पाकीटबंद माल, तोही साबण-टूथपेस्ट आणि बिस्किटांची एकच भिंत, तीन महिन्यांसाठी. जुना कॉम्प्युटर, स्कॅनर, बिलाचा छोटा प्रिंटर धरून खर्च पस्तीस हजारांच्या आत. चुका कुठे होतील हेही तिने आधीच सांगितलं, आणि माझ्या मते बैठक तिथे तिच्या बाजूने झुकली. बिस्किटाच्या जुन्या आणि नव्या किमतीच्या पुड्यांवर बारकोड बहुधा एकच असतो. बिल करताना किंमत निवडली नाही तर गिऱ्हाइकाला चुकीचा भाव लागतो. फुकट आलेला नग खरेदीत चढवायचा राहिला तर शिल्लक चुकते. पडद्यावर एखाद्या मालाची शिल्लक उणे दिसली की समजायचं, खरेदीचं बिल चढवलेलं नाही किंवा विक्री भलत्याच नावावर गेली आहे. म्हणून दर आठवड्याला कुठल्याही दहा वस्तू हाताने मोजून पडद्याशी ताडायच्या. गोणीतला माल तिने मुद्दाम बाहेर ठेवला. गूळ पाझरतो, तांदूळ सुकतो, काट्यावर मूठभर जास्त जातं. पन्नास किलोच्या गोणीचे पन्नास किलो विकले जात नाहीत, आणि ही घट धरायला शिकल्याशिवाय कॉम्प्युटर रोज खोटी तूट दाखवत राहील.

धाकट्या काकांचा विरोध उधारीवरून सुरू झाला. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर बाकीचा मेसेज गेला तर माणूस दुकान बदलतो, असं ते म्हणाले, आणि ते खरं आहे. पगार, ऊसबिल किंवा कापसाचे पैसे कधी येतात हे त्यांना माहीत असतं, वसुलीला ते त्याच बेताने जातात. तिने उधारीची वही जशी आहे तशीच राहील हे कबूल केलं. तरीही काका गप्पच होते.

अडचण वेगळीच होती, आणि अशा घरांत ती बहुतेक वेळा हीच असते. तीन घरांचा किराणा दुकानातून जातो आणि कुणी लिहीत नाही. काकांच्या घरी माणसं जास्त, पाहुणे जास्त. शिल्लक मोजू लागलो की हे दिसणार, आणि भावाभावांत कधी न निघालेला विषय निघणार. कॉम्प्युटरला होणाऱ्या विरोधाच्या तळाशी मला ही भीती अनेकदा दिसते, आणि ती हलकी नाही. एका चुलीची घरं अशा हिशेबांवरून फुटलेली आहेत. पण न लिहिलेल्या मालाची तूट शेवटी दुकानातल्या पोराच्या माथी येते, हेही तितकंच खरं.

ती काकांकडे बघून म्हणाली, "काका, कुणी किती नेलं हे विचारायचं नाही. तिन्ही घरांचा मिळून एकच खर्च 'घर' या नावाने खरेदीच्या भावात चढवायचा. तूट तेवढी कळली पाहिजे." कुठलं घर किती नेतं हे पडद्यावर दिसणारच नव्हतं. काकांनी मान हलवली.

आप्पांचा शेवटचा प्रश्न उरला, "उद्या तू सासरी गेलीस की हे कोण चालवणार?" ती दुखावली असेल, पण उत्तर तिने कामाचं दिलं: दुकानातला पोरगा आणि काकांचा मुलगा दोघेही पहिल्या दिवसापासून स्कॅनरवर बसतील, आणि रोजची कामं क्रमाने लिहिलेली वही गल्ल्याजवळ राहील. "आणि मी कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही, आप्पा."

तीन महिन्यांची मुदत मिळाली. अण्णांनी अट घातली की वीज गेली तरी गिऱ्हाईक थांबता कामा नये. कागदी बिलबुक गल्ल्यातच राहील आणि संध्याकाळी त्यावरून नोंदी चढतील. स्कीम घ्यायची की नाही हे आप्पाच ठरवणार, फक्त सेल्समनला हो म्हणण्याआधी त्या वस्तूची मागच्या तीन महिन्यांची विक्री विचारणार. तारीख जवळ आलेल्या डब्यांपैकी जे एजन्सी परत घेईल ते परत करायचे, बाकीचे खरेदीच्या भावात काढून टाकायचे, आणि ते काम दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू झालं.