चहाचे दूध करणारा फळा
छायाचित्रातून खडूचे चित्र तयार करताना

पुण्यातील एका लहानशा कॅफेच्या चालकाला काउंटरमागच्या भिंतीवर ३ फूट रुंद आणि २ फूट उंच असा मेन्यूफलक हवा होता. काळा फळा, त्यावर पांढऱ्या खडूने काढलेला चहाचा ग्लास आणि बनमस्का, शेजारी पदार्थांची नावे. खडूचे चित्र काढून देणारा कलाकार मिळेना, तेव्हा त्याने स्वतः टिपलेले छायाचित्र संगणकावर ‘निगेटिव्ह’ केले आणि डिजिटल छपाई करून फलक लावून टाकला. फलक काळा-पांढरा झाला खरा. पण ग्लासातला चहा दुधासारखा पांढरा दिसू लागला, पांढरी बशी काळीठिक्कर पडली आणि बनमधल्या मस्क्याच्या जागी काजळाचा थर आला. छपाईचा खर्च वाया गेला.

चूक छपाईची नव्हती, समजुतीची होती. कागदावर पेन्सिल सावली टाकते, फळ्यावर खडू उजेड टाकतो. फळा मुळातच काळा असल्याने अंधार काढावा लागत नाही. तो नुसता सोडून द्यायचा असतो. खडूने चित्र काढणारा माणस आधी वस्तूची कड रेषेने आखतो आणि मग जिथे प्रकाश पडला असेल, तिथे खडू आडवा धरून हलकेच घासतो. निगेटिव्हमध्ये नेमके उलटे होते: सावली उजळते आणि उजेड विझतो. म्हणून छायाचित्रातून दोन गोष्टी वेगवेगळ्या काढाव्या लागतात. रेषा हव्यात कडांवरून आणि उजेड हवा मूळ चित्रातून, न उलटवता.

हे काम गिंप या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत होते. फोटोशॉपमध्येही रीत तीच. प्रथम ग्लास आणि बशी यांच्याभोवतीची पार्श्वभूमी कापून काढावी. टेबलाच्या लाकडाच्या रेघा राहिल्या, तर त्याही खडूच्या रेषा होऊन चित्रात शिरतात. मग छायाचित्र सुमारे ९०० पिक्सेल रुंदीचे करावे. एवढे लहान का, ते पुढे येईल. Desaturate या आज्ञेने रंग काढून टाकल्यावर त्या थराची प्रत करावी, प्रत Invert ने उलटवावी, तिच्यावर Gaussian Blur सुमारे १० पिक्सेलचा द्यावा आणि थराची पद्धत Dodge ठेवावी. क्षणात पांढऱ्या कागदावरचे पेन्सिलचित्र दिसते. यात जादू काही नाही. प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या आजूबाजूच्या सरासरीशी होते. जो बिंदू शेजाऱ्यांहून काळा असतो तेवढाच उरतो, बाकी सपाट भाग पांढरा होतो. अशा रीतीने फक्त कडा शिल्लक राहतात. New from Visible ने या दृश्याचा एक थर करून तो उलटवला, की काळ्यावर पांढऱ्या रेषा मिळतात. उलटवणे येथे चालते, कारण आता चित्रात सावली उरलेलीच नसते.

उजेडासाठी मूळ करड्या छायाचित्राची आणखी एक प्रत घ्यावी. Levels मध्ये डावीकडची काळी खूण १५० च्या आसपास सरकवली, की त्याहून गडद असलेले सारे काळे होते आणि बशीचा काठ, बनची चकाकी, मस्का आणि ग्लासच्या कडेची उजळ रेघ एवढेच राहते. हा थर रेषांवर Screen पद्धतीने, ४० टक्के दाटपणाने ठेवावा. चहा आता काळाच राहतो आणि म्हणूनच चहा वाटतो.

आता आकाराचा प्रश्न. फळ्यावरची खडूची रेषा साधारण ३-४ मिलिमीटर जाड असते. ३ फुटांचा फलक इंचाला १५० बिंदू या हिशेबाने छापायचा, तर त्याची रुंदी ५४०० पिक्सेल होते, आणि त्यातील निम्म्या भागात म्हणजे २७०० पिक्सेलमध्ये आपले चित्र बसते. मोठ्याच छायाचित्रावर रेषा काढल्या तर त्या केसासारख्या बारीक येतात. एवढा बारीक खडू कोणी तासत नाही. लहान चित्रावर रेषा काढून मग ते तिप्पट केले, तर रेषा सुमारे २० पिक्सेल, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या घरात जाते आणि फालतू तपशीलही गळून पडतो. मोठे केल्यावर कडा मऊ दिसतात, त्याची चिंता नको. खरखरीतपणा त्यानंतरच द्यायचा आहे. आधी दिला तर तोही पसरून धुरकट होईल.

बहुतेक फलक फसतात ते याच टप्प्यावर. फळ्याचे छायाचित्र खाली आणि गुळगुळीत पांढऱ्या रेषा वर ठेवल्या, की चित्र स्टिकरसारखे चिकटवलेले दिसते. खडू फळ्याच्या उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत बसत नाही. म्हणून रेषा तुटायला हव्यात त्या त्या फळ्याच्याच कणांनी. यासाठी शाळेतला भिंतीवरचा फळा उत्तम. आपली जुनी दगडी पाटी मनाला भुरळ घालते, पण ती लहान. तिचे छायाचित्र ३ फुटांवर ताणले की कण भलतेच मोठे होतात. फळ्याचा ३ बाय २ फुटांचा तुकडा निवडून, बाजूने प्रकाश घेऊन आणि कॅमेरा न हलवता दोन छायाचित्रे घ्यावीत. एक कोरड्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचे आणि दुसरे त्याच जागी खडू आडवा धरून सर्वत्र घासल्यावर. दुसऱ्यातील रंग काढून, Levels ने काळे-पांढरे ठळक करून ते एकत्र केलेल्या रेषा व उजेडावर Multiply पद्धतीने ठेवावे. खळगे तेवढे वजा होतात आणि रेषा खडूची होते. ही सारी जोडणी मग पुसलेल्या फळ्याच्या छायाचित्रावर Screen ने बसवावी. तो फळा मात्र पूर्ण काळा करू नये. #2b2f2e च्या आसपासचा, किंचित हिरवट झाक असलेला करडा शोभतो.

पुसट डाग ही चवीपुरती घालायची वस्तू आहे. डस्टरचे रुंद, वळणदार पट्टे चित्राखाली असावेत, वर नव्हे. कारण माणूस आधी फळा पुसतो आणि मग लिहितो. रेषांच्या थराची एक प्रत Linear Motion Blur ने ४० पिक्सेल फरफटवून १५ टक्के दाटपणाने खाली ठेवली, तर हात लागून उडालेली भुकटी दिसते. अक्षरांच्या मागे मात्र हे काही नको. दोन पावलांवरून किंमत वाचता आली नाही, तर डाग जास्त झाले असे समजावे.

प्रत्येक पदार्थाला ही रीत मानवत नाही. मिसळीवरच्या शेवेच्या प्रत्येक काडीला दोन कडा मिळतात आणि वाटीत रेषांचा नुसता गुंता होतो. तेथे वाटीची कड ठेवून शेव हातानेच काढावी. ग्लास, किटली, कप, पाव असे मोठे आकार चांगले उतरतात.

छपाई मॅट कागदावर आणि मॅट लॅमिनेशननेच करून घ्यावी. चकचकीत फळ्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडले, की सगळी मेहनत उघडी पडते. दराची जागा छापू नये, कोरी ठेवावी. लॅमिनेशनवर साधा खडू उमटत नाही, त्यासाठी ओल्या खडूचे मार्कर मिळतात. ते ओल्या फडक्याने पुसले जातात खरे, पण काही मॅट पृष्ठभागांवर जुन्या आकड्याची सावली राहते. म्हणून आधी एका कोपऱ्यात लिहून, दिवसभर ठेवून, पुसून पाहावे. आपल्या कॅफेचालकाने दुसरा फलक असाच करून घेतला. त्यावरचा चहा काळा आहे आणि चहाचा दर तो स्वतःच्या हाताने लिहितो.