नाकातली नळी: आवाजावर भरवसा नको

असं एक घर डोळ्यांपुढे आणू. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ७२ वर्षांचे आजोबा दवाखान्यातून घरी आले, ते नाकात नळी घेऊनच. गिळता येत नाही म्हणून नाकातून जठरापर्यंत सोडलेली ही नळी. दवाखान्यात सगळे तिला राईल्स ट्यूब म्हणतात. घरी निघताना सुनेला एक युक्ती दाखवलेली असते. सिरिंजने नळीत हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि बुडबुड ऐकू आली की नळी जागेवर आहे असं समजून फीड द्यायचं.

हीच युक्ती फसवी आहे. फुफ्फुसाचा खालचा भाग आणि जठर यांच्यामध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा तेवढा असतो. नळीचं टोक चुकून फुफ्फुसात किंवा अन्ननलिकेत असलं, तरी हवेचा आवाज पोटावर तसाच ऐकू येतो. नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणंही तितकंच बिनभरवशाचं. ‘नळी श्वासनलिकेत गेली असती तर ठसका लागला असता’ हेही खरं नाही. पक्षाघातात गिळण्याबरोबर खोकण्याची ताकदही मंदावते, त्यामुळे दूध फुफ्फुसात उतरलं तरी रुग्ण शांत पडून राहू शकतो.

मग खात्री कशी करायची? नळी नव्याने घातली की पहिला पुरावा एक्स-रेचा. नळी छातीच्या मधोमध सरळ खाली येते आणि श्वासपटल ओलांडून जठरात शिरते, हे डॉक्टरांनी त्यात पाहायचं. त्याच वेळी नाकपुडीपाशी नळीवर कोणता आकडा आहे तो लिहून घ्यावा आणि तिथे पेनने खूण करावी. आपल्या आजोबांचा आकडा ५५ सेंटिमीटर आहे.

पुढे प्रत्येक फीडआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, खूण जागच्या जागी आहे का. दुसरी, नळीतून सिरिंजने हलकेच ओढून आलेला थोडा द्राव पीएच पट्टीवर टाकायचा. जठराचा रस आंबट असतो. पीएच १ ते ५.५ आला तर टोक जठरात असल्याचं धरता येतं. फुफ्फुसातल्या द्रावाचा पीएच सहसा ६ किंवा त्याहून जास्त असतो. मात्र आधीचं फीड नुकतंच दिलेलं असेल किंवा पित्ताचं औषध चालू असेल, तर जठरात असूनही आकडा चढा येतो. अशा वेळी तासभर थांबून पुन्हा बघावं. द्राव येतच नसेल, तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून थोड्या वेळाने पुन्हा ओढून पाहावं. तरीही शंका राहिली तर फीड द्यायचं नाही.

एका पहाटे आजोबांनी झोपेत नळी ओढली. चिकटपट्टी सुटली होती आणि नाकपुडीपाशी आकडा ४८ दिसत होता. सात सेंटिमीटर नळी बाहेर आली होती. सुनेने ती आत ढकलली नाही आणि हवेचा आवाजही ऐकत बसली नाही. सकाळचं फीड थांबवून तिने दवाखान्यात फोन केला. नळी पुन्हा घातली गेली, एक्स-रे झाला, मगच दूध दिलं. एक वेळ उपाशी राहिल्याने जे बिघडतं, त्याहून फुफ्फुसात गेलेलं दूध फार जास्त बिघडवतं. रुग्णाला मधुमेहाची औषधं चालू असतील, तर फीड थांबवल्याचं डॉक्टरांना लगेच सांगावं.

नळी जागेवर असली म्हणजे काम संपलं असंही नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप नळीमुळे किंचित उघडी राहते आणि आडव्या रुग्णाचं दूध वर येऊन घशातून फुफ्फुसात उतरू शकतं. म्हणून फीड देताना डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश वर हवी. नुसती मानेखाली उशी देऊन चालत नाही, कारण त्याने पोट दुमडतं. पाठीमागे लोड द्यावा. सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपल्या वजनानेच उतरू द्यावं. २०० मिलीलीटरला वीसेक मिनिटं लागू द्यावीत. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवावी आणि पुढचा तासभर रुग्णाला तसंच उंच ठेवावं. कूस बदलणं, अंग पुसणं फीडच्या आधी उरकावं. तोंडाने खात नसले तरी त्यांचे दात आणि जीभ रोज दोनदा स्वच्छ करावी, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात जातात.

फीड चालू असताना खोकला, उलटी, धाप किंवा ओठांवर निळसरपणा दिसला, तर तिथेच थांबा, नळी चिमटून बंद करा आणि रुग्णाला उंच ठेवूनच कुशीवर वळवा. श्वास सुधारत नसेल तर १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यातून निघण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: नाकपुडीपाशी असलेला नळीचा आकडा, पीएच पट्ट्या आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर.