पाभरीची पेरणी आणि पेरणाऱ्याचा दाखला

मार्काच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला उपदेशासाठी सोपा वाटतो, पण अडचण पहिल्याच वाक्यात येते. पाभरीने पेरणारा शेतकरी मनात विचारतो, बी वाटेवर पडलंच कसं? म्हणून तिथे बी मुठीने फोकून पेरत, हे आधी सांगावं. शहरातल्याला तर पाभरच माहीत नसते.

चारही जमिनी एका उपदेशात घेऊ नयेत. मी खडकाळ जमीन निवडेन. गावकऱ्याला ‘खाली खडक, वर चार बोटं माती’ एवढं पुरतं. फ्लॅटमधल्यासाठी उथळ ट्रेमधली मेथी: लवकर उगवते, पण एक दिवस पाणी चुकलं की उन्हात माना टाकते. दोन्हींत कारण एकच, मुळांना खोली नाही. मग येशूने दिलेला अर्थ सांगावा: वचन आनंदाने स्वीकारलं, पण संकट येताच सोडलं.

‘अडखळतात’ या शब्दाशी थांबावं. ऐकणारा ठेच लागल्याचं समजतो. इथे अर्थ विश्वास सोडण्याचा आहे. आदल्या दिवशी मजकूर घरी मोठ्याने वाचावा. जिथे श्वास पुरत नाही, तिथे वाक्य तोडावं.