जाताना सव्वासात, येताना सव्वापाच तास

फेब्रुवारी २०२०मध्ये कीरा नावाचं वादळ अटलांटिक ओलांडून ब्रिटनवर येऊन धडकत होतं. ८ तारखेच्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ याच वादळाच्या वाऱ्यांवर स्वार झालं आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. वेळापत्रकापेक्षा हे तासाभराहून अधिक लवकर होतं. वाटेत त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत पोचला होता. तरीही वैमानिकांनी इंजिनांना काही जादा रेटलं नव्हतं.

विमान आपला वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात राखतं. ११ किलोमीटर उंचीवर ७४७ साधारण ताशी ९०० किलोमीटरने हवा कापतं. पण ती हवाही स्थिर नसते. ती ज्या दिशेने वाहते, तिकडे विमानालाही घेऊन जाते. म्हणून जमिनीवरून मोजलेला वेग हा हवेतला वेग अधिक पाठीवरचा वारा, किंवा उणे तोंडावरचा वारा, असा निघतो. ताशी १,३२७ हा आकडा ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वाटतो, पण ध्वनीही त्याच वाहत्या हवेतून जात असतो. त्या हवेच्या मानाने विमान ध्वनीपेक्षा हळूच उडत होतं.

आता हिशेब मांडून पाहू. पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळच्या वाटेने मोजलं, तर लंडन-न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर भरतं. त्याला ९००ने भागलं की ६ तास ९ मिनिटं येतात. ही वारा अजिबात नसतानाची वेळ. अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरासरी ताशी १५० किलोमीटरचा वारा धरू. न्यूयॉर्कहून येताना वेग १,०५० होतो आणि प्रवास ५ तास १७ मिनिटांत उरकतो. जाताना तो ७५०वर येतो आणि ७ तास २३ मिनिटं लागतात.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वारा एका बाजूने जेवढा फायदा करून देतो तेवढाच दुसऱ्या बाजूने तोटा करतो, म्हणजे फेरीचा हिशेब बरोबरीत सुटावा, असं वाटतं. तो सुटत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास १९ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे लागतात १२ तास ४० मिनिटं. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, तर पाठीवरच्या वाऱ्याची साथ लवकर संपते. वारा जितका जोरदार, तितका हा फेरीतला तोटा वाढत जातो.

या आकड्यांत आणखी अर्धा तास तरी मिळवावा लागतो, कारण चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. तिकिटावरच्या वेळेत तर धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर गेटपाशी लागणं हेही धरलेलं असतं. लहान प्रवासात हा भाग फार जाणवतो. मुंबई-दिल्ली अंतर सुमारे १,१५० किलोमीटर, म्हणजे भागाकाराने सव्वा तासाच्या आसपास. पण वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो.

वाऱ्याचा आकडा निवडतानाही जपावं लागतं. बातमीत येतो तो वाऱ्याचा सर्वांत मोठा झोत, हिशेबाला मात्र संपूर्ण वाटेवरची सरासरी हवी. ७४७च्या त्या उड्डाणाची सरासरी काढली, तर ५,५४० किलोमीटर ४ तास ५६ मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे १,१२० किलोमीटर. कमाल वेगापेक्षा ती २००ने कमी आहे. शिवाय वाऱ्याचा जो भाग विमानाच्या वाटेच्या दिशेने वाहतो, तोच कामाचा. वाटेशी ६० अंशांचा कोन करून येणारा वारा साधारण निम्माच उपयोगी पडतो.

हा वारा म्हणजे जेट प्रवाह. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, थंड आणि उष्ण हवेच्या सीमेवर तो वाहतो. हिवाळ्यात ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची हवा यांच्या तापमानांतला फरक वाढतो आणि प्रवाहाला बळ येतं. तो नागमोडी असतो आणि रोज जागा बदलतो. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरच्या हवाई वाटाही वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखल्या जातात. पूर्वेकडे जाणाऱ्या वाटा प्रवाहाचा लाभ घेतात, पश्चिमेकडच्या त्याला टाळून जातात. नकाशावर लांबची वाट मग घड्याळावर जवळची ठरू शकते.

टाळूनही वारा आडवा आलाच, तर प्रश्न इंधनाचा होतो. २०११च्या डिसेंबरात युरोपहून अमेरिकेला जाणाऱ्या बोइंग ७५७ विमानांना तोंडावरच्या वाऱ्याने इतका उशीर होत होता, की त्यांतल्या अनेकांना कॅनडात गँडर किंवा गूज बे इथे उतरून टाकी भरावी लागली. एवढ्या लांबच्या प्रवासात या विमानाकडे जादा पल्ला थोडाच उरतो. त्यामुळे निघण्यापूर्वी इंधन किलोमीटरांवर ठरत नाही, तर त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे निघणाऱ्या तासांवर ठरतं, आणि त्यावर ठरावीक राखीव साठा घेतला जातो.