कालची विक्री शून्य

दुकान दिवसभर चालू होतं, गल्ल्यात पैसे आहेत, आणि सकाळी मोबाइलवर आलेला रिपोर्ट म्हणतो, 'कालची विक्री : ₹०'. अशा वेळी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला बहुतेक दुकानदार एका ओळीची मेल धाडतात : 'रिपोर्ट चालत नाही, अर्जंट बघा.' यावर त्या माणसाला काहीच करता येत नाही. खरं तर रिपोर्ट चालला आहे आणि त्याने शून्य हे उत्तर दिलं आहे. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच शोधायचं असतं.

साताऱ्यातलं एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणू. सोमवारी सुट्टी, बाकी दिवस सकाळी नऊ ते रात्री नऊ. बुधवारी सकाळी मालकांनी पुढची मेल लिहिली, असं समजा :

'नमस्कार सर, आज बुधवारी पहाटे ५ वाजता आलेल्या रिपोर्टात कालची विक्री शून्य दाखवली आहे. काल मंगळवारी दुकान पूर्ण वेळ उघडं होतं. बिल नंबर १८४१ ते १९५७, एकूण ११७ बिलं. रोख १७,२५०, यूपीआय १९,७१०, उधारी १,५००, एकूण ३८,४६०. काउंटरच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवरच्या बिलांच्या यादीत ही सगळी बिलं दिसतात. फक्त रिपोर्टात नाहीत. सोमवारी दुकान बंद होतं, तरी मंगळवारच्या पहाटेच्या रिपोर्टात ५२,३०० विक्री दिसली होती. रिपोर्ट आधी सकाळी ९ ला यायचा. मी मार्केट यार्डात लवकर जातो म्हणून तुम्ही गेल्या आठवड्यात तो पहाटे ५ वर आणला. स्क्रीनशॉट जोडला आहे.'

या मेलमध्ये तक्रारीचा सूर नाही, पण निम्मा तपास होऊन गेला आहे. बिलं मोबाइलवरही दिसतात म्हणजे ती सर्व्हरपर्यंत पोचली आहेत. अशा शून्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंटरनेट गेल्याने बिलं काउंटरवरच अडकून राहणं. इथे ते पहिल्याच झटक्यात बाद झालं. मग नजर जाते ती बंद दुकानाच्या विक्रीवर. सोमवारच्या नावावर आलेले ५२,३०० रविवारचे तर नाहीत? रविवारची बेरीज काढली की तीच रक्कम निघते. म्हणजे विक्री हरवलेली नाही, रिपोर्ट एक दिवस मागे चालला आहे. मंगळवारी त्याने रविवार दाखवला, बुधवारी सोमवार. सोमवारी सुट्टी, म्हणून शून्य.

आता मागे का? सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलं असतं, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. साताऱ्यात बुधवारचे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा सर्व्हरवर मंगळवारचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. त्याच्या लेखी 'काल' म्हणजे सोमवार. रिपोर्ट नऊ वाजता निघायचा तेव्हा सर्व्हरवरही पहाटेचे साडेतीन वाजून तारीख बदललेली असायची, त्यामुळे चूक असूनही दिसली नाही. पहाटे साडेपाचच्या आत निघालेला प्रत्येक रिपोर्ट चुकणारच होता. मला यातली गंमत वाटते ती ही, की दुकानाला साप्ताहिक सुट्टी नसती तर रोज आदल्याच्या आदल्या दिवसाचा आकडा येत राहिला असता आणि तो खराच वाटला असता.

दुरुस्ती जेमतेम एका ओळीची. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर 'काल'ची तारीख अशी बदलते :

```
-- आधी
CURRENT_DATE - 1
-- नंतर
(now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date - 1
```

पण एवढ्यावर थांबलं तर पहाटे पाचला दूध विकणारा दुकानदार अडचणीत येईल. त्याची साडेपाचच्या आधीची बिलं सर्व्हरच्या नोंदीत आदल्या तारखेची असतात. म्हणून प्रत्येक बिलाची वेळही भारतीय वेळेत बदलून मगच ते कोणत्या दिवसाचं हे ठरवायला हवं.

एक गोष्ट मात्र दुकानदाराने अजिबात करू नये : शून्य पाहून घाबरून कालची बिलं पुन्हा भरणं. जुनी बिलं जागेवरच असतात. नव्याने भरली की स्टॉक दुसऱ्यांदा घटतो, विक्री दुप्पट दिसते, आणि जीएसटीसाठी सलग लागणाऱ्या बिल क्रमांकांत नको ती भर पडते. ते निस्तरायला मूळ चुकीपेक्षा जास्त वेळ जातो.

तुमच्या रिपोर्टावर नुसतं 'काल' छापलेलं असेल, तर सॉफ्टवेअरवाल्याला आजच सांगा : त्या जागी तारीख, वार आणि पहिल्या-शेवटच्या बिलाचा नंबर छापा.